रोजच्या दोन कपांची कॉफी कुठून आणावी? मुंबईकरांसाठी एक हिशोब

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी भाचीकडे कांजूरमार्गला गेले होते. चहा नको, कॉफी कर म्हटलं, तर तिने ओट्याखालचा खण उघडला. आत पाव किलोच्या चार न फोडलेल्या पिशव्या होत्या, पाचवी अर्धी वापरलेली. "मावशी, दर आठवड्याला ताजी येते गं, सबस्क्रिप्शन आहे," ती म्हणाली. कॉफी मात्र ताजी लागली नाही. कडू होती, वास जवळजवळ नव्हता, आणि मागे जुन्या शेंगदाण्यासारखी किंचित खवट चव राहत होती. पिशवीवरची भाजल्याची तारीख पाहिली तर पाच आठवड्यांपूर्वीची.

पाठवणाऱ्यांची यात काही चूक नव्हती. त्यांनी प्रत्येक पिशवी भाजल्यावर चार-पाच दिवसांत घरपोच केली होती. चूक होती ती किती येतं आणि किती संपतं याच्या मेळाची. म्हणून हा लेख तिच्याच उदाहरणावरून लिहिते आहे. रोज कॉफी पिणाऱ्या पण नुकतीच नीट कॉफी घ्यायला लागलेल्या माणसापुढे मुंबईत तीन रस्ते असतात: घरपोच सबस्क्रिप्शन, जवळचा कॉफी भाजणारा दुकानदार आणि सुपरमार्केटची पिशवी. यातलं काय घ्यावं हे ब्रँडच्या नावावरून ठरवू नये. आधी स्वतःचा कप मोजावा.

पहिली पायरी: आठवडाभर वजन करा

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा पुरतो. सात दिवस प्रत्येक कपाला किती पावडर घालता ते लिहून ठेवा. चमचे मोजू नका. एकाच चमच्यात बारीक दळलेली फिल्टर कॉफी आणि जाडसर दळलेली फ्रेंच प्रेसची कॉफी यांचं वजन सारखं भरत नाही, आणि शिगोशीग चमचा प्रत्येकाचा वेगळा असतो.

भाचीचे रोज दोन कप होतात. सकाळी दूध घालून, स्टीलच्या फिल्टरमध्ये काढलेला. दुपारी चारला काम चालू असताना काळी, फ्रेंच प्रेसमध्ये केलेली. वजन केलं तेव्हा सकाळच्या कपाला १२ ग्रॅम आणि दुपारच्याला १५ ग्रॅम लागत होते, म्हणजे दिवसाला २७ आणि आठवड्याला १८९ ग्रॅम. सबस्क्रिप्शनमधून आठवड्याला २५० ग्रॅम येत होते. दर आठवड्याला ६१ ग्रॅम मागे उरत होते, आणि मार्चच्या मध्यापासून सोळा आठवडे हे चालू होतं. ६१ गुणिले १६ म्हणजे ९७६ ग्रॅम. खणातल्या चार पिशव्या तिथून आल्या.

आता यातली खरी मेख. भाची नीटनेटकी आहे, जुनी पिशवी आधी संपवायची आणि नवी मागे ठेवायची, असा तिचा शिरस्ता. धान्याला हे योग्यच आहे. पण साधारण एक किलो साठा आणि दिवसाला २७ ग्रॅम खप म्हणजे छत्तीस दिवसांची कॉफी कायम पुढे उभी. त्यामुळे ती जी पिशवी फोडेल ती पाच आठवडे जुनीच निघणार. ताज्या कॉफीचे पैसे देऊन ती रोज शिळी कॉफी पीत होती, तीही दळून आलेली.

दळलेली हा शब्द महत्त्वाचा आहे. भाजलेले शेंगदाणे अख्खे ठेवले तर बरेच दिवस चांगले राहतात, पण त्यांचं कूट करून ठेवलं की आठ-पंधरा दिवसांत वास बदलतो. कॉफीचंही तसंच. दाणा अख्खा असेपर्यंत आतलं तेल आणि सुवास बऱ्यापैकी सुरक्षित असतात. दळल्यावर तेवढ्याच कॉफीला हवा कितीतरी पट जास्त जागी लागते. माझ्या अनुभवात नीट बंद ठेवलेले अख्खे दाणे भाजल्यापासून पाच-सहा आठवडे चांगला कप देतात. पावडर पिशवी उघडल्यावर दहा-बारा दिवसच बरी लागते. मुंबईच्या पावसाळ्यात त्याहूनही कमी.

दुसरी पायरी: दुधाची की काळी, हे वेगळं काढा

भाचीचे दोन्ही कप एकाच महागड्या पिशवीतून होत होते. तिथे तिचे पैसे जास्त जात होते.

काळ्या कॉफीत लपायला जागा नसते. बागेची, प्रक्रियेची, भाजणाऱ्याच्या हाताची चव थेट जिभेवर येते आणि शिळेपणाही तसाच उघडा पडतो. दुधाच्या कपात निम्म्याहून जास्त दूध, वर साखर. तिथे हवं असतं जाड, दमदार डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क. हलकी भाजलेली, फळांच्या आंबटगोड चवीची कॉफी दुधात घातली तर ती पातळ आणि किंचित आंबूस लागते, मग आपण पावडर वाढवत जातो. भाचीनेही तेच केलं होतं. सकाळचा कप बेचव लागतो म्हणून दहाचे बारा ग्रॅम झाले होते.

दुधाच्या कॉफीत चिकोरीचं काय, हा प्रश्न इथे येतोच. चिकोरी हे एका झाडाचं मूळ असतं, ते सुकवून भाजून दळतात. त्यात कॅफिन नसतं. पाण्यात ती कॉफीपेक्षा बरीच जास्त विरघळते, म्हणून डिकॉक्शन गडद आणि दाट होतं, थोडा जळक्या साखरेसारखा गोडवा येतो आणि कमी पावडरीत काम भागतं. चिकोरी म्हणजे भेसळ असं मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. वेष्टनावर लिहून विकली तर तो एक सरळ प्रकार आहे. दक्षिणेतल्या घरांत ती आवडीने पितात. मात्र ती किती आहे हे माहीत असायला हवं, कारण कॉफीच्या भावात आपण ती विकत घेत असतो.

तिसरी पायरी: सुपरमार्केटची पिशवी वाचायला शिका

पिशवी उलटी करा आणि दोन गोष्टी शोधा.

पहिली म्हणजे चिकोरीचं प्रमाण. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींची टक्केवारी वेष्टनावर छापावी लागते. त्यामुळे दुकानातल्या स्वस्त फिल्टर कॉफीवर बऱ्याचदा ५३ टक्के कॉफी, ४७ टक्के चिकोरी असा आकडा दिसतो. म्हणजे अर्धा किलोच्या पिशवीत कॉफी २६५ ग्रॅम. शेजारची ७०-३० किंवा ८०-२० ची पिशवी महाग दिसते तेव्हा हा भागाकार करून पाहा, फरक कमी होतो.

दुसरी म्हणजे तारीख. तिथे बहुधा पॅकिंगची तारीख आणि किती महिन्यांत वापरावी हे असतं. कॉफी कधी भाजली ते नसतं. भाजणं आणि पॅकिंग यांच्यात किती दिवस गेले, मग गोदामात आणि दुकानाच्या फळीवर किती, हे कळायला मार्ग नाही. नऊ-बारा महिने टिकेल असं लिहिलेलं असतं ते खरं आहे, ती खराब होत नाही, पिऊन कोणी आजारी पडत नाही. पण टिकणं आणि सुवास असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

या पिशव्यांमध्ये मला सर्वांत तोट्याची वाटते ती अरेबिका या कॉफीच्या जातीचं नाव घेऊन 'शंभर टक्के अरेबिका' असं मिरवणारी, दळलेली, महागडी पिशवी. चिकोरी नाही म्हणून शिळेपणा झाकला जात नाही, आणि किंमत ताज्या कॉफीच्या जवळ गेलेली असते. उलट साधी चिकोरी मिश्रणाची पिशवी कमी वादाची. तिची चव मुख्यतः चिकोरी आणि गडद भाजण्यातून येते आणि ती चव महिन्या-दोन महिन्यांत फार ढळत नाही. दुधाचा कप, कमी खर्च, गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात केव्हाही मिळणारी. तेवढीच गरज असेल तर ती घेण्यात काही गैर नाही.

इन्स्टंट कॉफी या हिशोबात मी धरलेली नाही. ती आधीच तयार करून सुकवलेली कॉफी असते. कपाला दोनेक ग्रॅम पुरते, पण ताजेपणा किंवा विविधतेची तुलना तिच्याशी करता येत नाही.

चौथी पायरी: माटुंग्याला एक फेरी मारा

मुंबईत कॉफी भाजणारे म्हटलं की दोन जग आहेत. एक माटुंगा पूर्वेचं जुनं जग. इथे दाक्षिणात्य वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून डोसा-इडलीच्या हॉटेलांइतकीच कॉफी पावडरची दुकानंही. मैसूर कन्सर्न्स आणि फिलिप्स ही नावं बऱ्याच मुंबईकरांना ठाऊक असतील. दुसरं जग गेल्या दहा-बारा वर्षांतलं: वांद्र्यात २०२० मध्ये सुरू झालेलं सबको, किंवा २०१३ मध्ये दिल्लीत सुरू होऊन मुंबईत आलेलं ब्ल्यू टोकाई. पहिल्या जगात सुट्टी पावडर वजनावर मिळते, दुसऱ्यात पाव किलोची पिशवी, तिच्यावर बागेचं नाव आणि भाजल्याची तारीख.

भाचीला मी आधी माटुंग्याला नेलं. कांजूरमार्गहून धीमी लोकल थेट माटुंग्याला थांबते, स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की चालत जाता येतं. गल्ल्यावर काय विचारतील ते आधी ठाऊक असलं की गडबड होत नाही.

पहिला प्रश्न असतो, प्युअर की चिकोरी घालून. नवख्या माणसाने दुधाच्या कॉफीसाठी ८०-२० मागावी, म्हणजे शंभरात वीस चिकोरी. जास्त दाट हवी असेल तर पुढच्या वेळी ७०-३०. दुसरा प्रश्न दाण्याचा. पीबेरी आणि प्लांटेशन ए हे शब्द इथे ऐकू येतात. कॉफीच्या फळात सहसा दोन चपटे दाणे असतात. कधी एकच वाढतो आणि गोल होतो, तो पीबेरी. प्लांटेशन म्हणजे धुऊन प्रक्रिया केलेली अरेबिका, आणि ए ही दाण्याच्या आकाराची प्रत. पीबेरी थोडी महाग असते. दुधाच्या कपात दोन्हींतला फरक मला तरी जाणवत नाही, म्हणून मी प्लांटेशन ए घेते. काही दुकानं थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी जात, मिसळून देतात. त्याने कडूपणा आणि कॅफिन वाढतं, दुधात ते चांगलं लागतं.

तिसरं आपण सांगायचं: फिल्टरसाठी दळा, आणि आमच्यासमोर दळा. दळून बरणीत भरून ठेवलेली पावडर घेऊ नका. अशा दुकानात भाजल्याची तारीख लिहिलेली नसते, म्हणून विचारायचं, "हे दाणे कधी भाजले?" ज्यांचा खप मोठा आहे ते न अडखळता सांगतात. उत्तर मिळालं नाही तर नाक वापरा. ताज्या दाण्यांचा वास दळताना फुटपाथपर्यंत येतो.

चौथं, आणि भाचीच्या चुकीवर उपाय असलेलं: दोनशे ग्रॅमच घ्या. किलोवर भाव थोडा कमी होईल, तरी नको. दिवसाला १२ ग्रॅमप्रमाणे दोनशे ग्रॅम साडेसोळा दिवस पुरतात. पावडरीसाठी तेही थोडं लांबच, पण चिकोरी आणि दूध असल्याने चालून जातं. पावसाळ्यात शंभर-दीडशे ग्रॅम घ्यावी.

घरी आल्यावर एक छोटी परीक्षा करता येते. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या आणि वर चिमूटभर पावडर भुरभुरा. कॉफीचे कण वर तरंगतात, चिकोरीचे खाली बसतात आणि जाताना मागे तपकिरी रेषा सोडतात. प्रमाण किती ते यातून कळत नाही, पण प्युअर म्हणून घेतलेल्या पावडरीत चिकोरी आहे का ते लगेच दिसतं. मी एकदा एका दुकानातून प्युअरचे पैसे देऊन आणलेल्या पावडरीत या रेषा स्पष्ट पाहिल्या. त्यानंतर नवीन दुकानाची पहिली पुडी मी नेहमी अशी तपासते.

फिल्टर स्वतःही बरंच सांगतो. उकळतं पाणी ओतल्यावर डिकॉक्शन पंधरा-वीस मिनिटांत उतरायला हवं. पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आलं तर दळण जाड आहे, डिकॉक्शन पातळ लागेल. तासाभरानेही वर पाणी साचलेलं असेल तर दळण फार बारीक आहे, पावडर जास्त दाबली गेली आहे, किंवा ओल लागून गुठळ्या झाल्या आहेत. पुढच्या वेळी दुकानदाराला हे सांगा, तो दळण बदलून देतो. सुपरमार्केटच्या पिशवीशी असं बोलता येत नाही, आणि जवळच्या दुकानाचा मला हा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

पाचवी पायरी: सबस्क्रिप्शन घ्यायचंच तर कशासाठी

काळ्या कपासाठी, आणि विविधतेसाठी. या बाबतीत त्याला तोड नाही.

भारतातली बहुतेक कॉफी कर्नाटकात पिकते, चिकमगळूर, कोडगू आणि हासन या पट्ट्यात. बाकी मुख्यतः केरळ आणि तमिळनाडूत, आणि आंध्रातल्या अराकू खोऱ्यात. आपल्याकडे चिखलदऱ्याला थोडी होते. माटुंग्याच्या दुकानात हे सगळं एका पोत्यात एकत्र होतं, चव कायम तीच राहावी म्हणून. सबस्क्रिप्शनमध्ये एकेका बागेची कॉफी वेगळी येते. अट्टिकान, रत्नागिरी अशी नावं वाचायला मिळतात. रत्नागिरी वाचून भाचीला कोकण आठवलं होतं, पण ती बाग कर्नाटकात आहे. धुतलेली, फळासकट वाळवलेली, गर ठेवून वाळवलेली, अशा प्रक्रियांचा फरक काळ्या कपात स्पष्ट कळतो. फळासकट वाळवलेल्या कॉफीला फणसाच्या गऱ्यासारखा पिकलेला वास असतो. काहींना तो अजिबात आवडत नाही, म्हणून पहिल्या वेळी धुतलेली मागवा.

बागांमध्ये अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते. वाळवणं, सोलणं, प्रतवारी होऊन नवा माल भाजणाऱ्यांकडे उन्हाळ्याच्या सुमारास पोचतो. त्यामुळे उन्हाळ्यापासून पुढचे काही महिने निवड भरपूर असते.

ताजेपणात सबस्क्रिप्शन आणि शहरातला नवा भाजणारा यांच्यात खरं तर फार अंतर नाही. सबस्क्रिप्शनवाले बहुधा ठरलेल्या दिवशी भाजून लगेच पाठवतात. बंगळुरू, दिल्ली किंवा नागपूरहून पार्सल मुंबईत यायला दोन-चार दिवस लागतात, पण ते दिवस वाया जात नाहीत. भाजताना दाण्यात कार्बन डायॉक्साइड वायू साठतो आणि पुढचे काही दिवस बाहेर पडत राहतो. पिशवीला एकतर्फी झडप असते ती त्यासाठी, वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. भाजल्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉफी केली तर वर इतका फेस येतो की पाणी कॉफीत नीट मुरत नाही आणि कप तिखट, उथळ लागतो. पाचव्या ते पंधराव्या दिवसात माझ्या मते चव सर्वांत चांगली असते. शहरातल्या दुकानातून घ्यायची तर फळीवरच्या सगळ्या पिशव्यांच्या तारखा पाहा. जवळ भाजली म्हणून ताजी असेलच असं नाही. मला वांद्र्यात एका फळीवर सहा आठवड्यांपूर्वीची पिशवी मिळाली होती, मागच्या रांगेत चार दिवसांची होती.

ताजेपणा घरी तपासायला सोपं आहे. १५ ग्रॅम पावडरीवर साधारण दुप्पट, ३० ग्रॅम गरम पाणी घाला आणि अर्धा मिनिट बघा. ताजी कॉफी फुगते, बुडबुडे येतात, वर घुमट होतो. शिळी तशीच ओल्या मातीसारखी पसरून राहते. भाचीच्या खणातल्या चारही पिशव्यांवर हे करून पाहिलं. सर्वांत नव्या पिशवीतच थोडे बुडबुडे आले.

सबस्क्रिप्शन घेताना दळलेली मागवू नका, अख्खे दाणे मागवा. त्यासाठी हाताने फिरवायची छोटी चक्की लागेल. पातं असलेल्या मिक्सरने भागवू नका, त्यात अर्धी कॉफी पीठ होते आणि अर्धी भरड राहते, मग कप एकाच वेळी कडू आणि आंबट लागतो. चक्की घ्यायची तयारी नसेल तर माझं मत आहे की सबस्क्रिप्शनही घेऊ नये, त्यापेक्षा शहरातल्या भाजणाऱ्याकडे जाऊन दर वेळी ताजी दळून आणावी.

सहावी पायरी: पावसाळ्याचा बंदोबस्त

मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की पापड बाहेर ठेवला तर तासाभरात मऊ पडतो. भाजलेली कॉफी पापडाइतकीच कोरडी असते आणि तशीच ओल ओढते.

याच ओलीचा कॉफीत एके ठिकाणी मुद्दाम उपयोग करतात. मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारा देऊन तयार होते, दाणे फुगून फिकट होतात आणि आंबटपणा जातो. जुन्या शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने खारा दमट वारा लागून जे व्हायचं, ते पुढे मुद्दाम करायला लागले. पण ते कच्च्या, न भाजलेल्या दाण्यावर होतं. भाजलेल्या दाण्याला तोच वारा लागला तर चव फक्त जाते.

कॉफी ज्या झडपेच्या पिशवीत आली तिच्यातच ठेवा, हवा दाबून काढा, तोंड घट्ट दुमडून चिमटा लावा आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गॅसच्या वरची फळी टाळा. रोजच्या वापरातली पिशवी फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढली की थंड पावडरीवर दव धरतं, भाचीच्या अर्ध्या पिशवीतल्या गुठळ्या तशाच झाल्या होत्या. जास्तीचे दाणे असतील तर आठवड्या-आठवड्याच्या छोट्या, हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. पुडी बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडायची नाही, रात्री काढून सकाळी फोडली की झालं.

सातवी पायरी: कपाचा हिशोब

खालचे भाव भाचीच्या आणि माझ्या पावत्यांवरून हिशोबापुरते गोल करून घेतले आहेत. तुमच्याकडे वेगळे असतील, तेव्हा आकडे बदला, रीत तीच ठेवा. पिशवीची किंमत भागिले ग्रॅम, गुणिले कपाला लागणारे ग्रॅम.

सुपरमार्केटची ५३-४७ ची पिशवी, अर्धा किलो ३५० रुपये धरली तर ग्रॅमला ७० पैसे. चिकोरी जास्त असल्याने कपाला ८ ग्रॅम पुरतात, म्हणजे कप साधारण साडेपाच रुपयांना. माटुंग्याची ८०-२० किलोला ९०० धरली, दुधाच्या कपाला १२ ग्रॅम, तर कप अकरा रुपयांच्या आत. सबस्क्रिप्शनची पाव किलो ५५० रुपये, ग्रॅमला २ रुपये २० पैसे, काळ्या कपाला १५ ग्रॅम, म्हणजे ३३ रुपये. शहरातल्या नव्या भाजणाऱ्याकडची पिशवीही याच्याच आसपास पडते, सबस्क्रिप्शनला असते ती थोडी सूट तिथे मिळत नाही, पण पिशवी संपेल तेव्हाच जाऊन आणता येते.

भाची पूर्वी महिन्याला १,०७१ ग्रॅम मागवत होती, खर्च सुमारे २,३५० रुपये. साठ कपांवर वाटला तर कपाला ३९ रुपये, शिळ्या कॉफीचे. आता सकाळच्या तीस कपांसाठी माटुंग्याची ३६० ग्रॅम पावडर, ३२४ रुपये. दुपारच्या तीस काळ्या कपांसाठी ४५० ग्रॅम लागतात, म्हणून पंधरवड्याला एक पाव किलोची पिशवी, दोन पिशव्यांचे १,१०० रुपये. एकूण १,४२४, कपाला २४ रुपयांच्या आत. सकाळसाठी सुपरमार्केटची पिशवी घेतली असती तर महिन्याला दीडशे-एक रुपये आणखी वाचले असते. तिला विचारलं, दोन्ही करून प्यायला दिल्या, तिने माटुंग्याची निवडली. माटुंग्याला येण्याइतका वेळ ज्यांना नाही त्यांनी दीडशे रुपये वाचवावेत.

पंधरवड्याच्या पिशवीतही १५ गुणिले १४ म्हणजे २१० ग्रॅमच संपतात, ४० उरतात. सहा पिशव्यांत २४० ग्रॅम साठतात. म्हणून दर सातवी पिशवी आधीच रद्द करायची, बहुतेक ठिकाणी ॲपमध्ये एक खेप वगळायची सोय असते. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जायचं असेल तर तीच खेप वगळायची. सबस्क्रिप्शन सुरू करताना पैसे भरण्याआधी ही सोय आहे का, आणि खेप किती दिवस आधी वगळावी लागते, एवढं नक्की वाचा. पार्सल भाजून निघाल्यावर ते थांबवता येत नाही.

राहिल्या खणातल्या चार पिशव्या. त्या फेकल्या नाहीत. शिळ्या पावडरीचा सुवास गेलेला असतो, पण गार पाण्यात सावकाश मुरवली की कडूपणा आणि खवटपणा पाण्यात कमी उतरतो. शंभर ग्रॅम जाड दळलेली पावडर एक लिटर गार पाण्यात ढवळायची, झाकून फ्रिजमध्ये सोळा तास ठेवायची आणि मग सुती फडक्यातून गाळायची. फडकं धुतलेलं पण साबणाच्या वासाचं नको. ही कोल्ड ब्रू थंड दूध आणि थोडा गूळ घालून चांगली लागते, आणि गाळून फ्रिजमध्ये ठेवली की तीन-चार दिवस राहते. फ्रेंच प्रेससाठी दळलेल्या पिशव्यांचं दळण जाडच होतं, त्यामुळे अशा दहा बाटल्यांत तो साठा ऑगस्टअखेर संपला. सर्वांत जुन्या पिशवीतली थोडी पावडर मात्र इतकी खवट होती की गार पाण्यातही चव आली. ती कुंडीत न घालता ओल्या कचऱ्यात टाकली, कारण न वापरलेल्या पावडरीचा जाड थर कुंडीत घातला तर त्यावर बुरशी धरते.